कुबरनेटीजची आवृत्ती बदलताना: नोड पूल, डेप्रिकेटेड एपीआय आणि डिसरप्शन बजेट यांचा आढावा

पार्श्वभूमी

कुबरनेटीजच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात. २०२१ पर्यंत चार येत होत्या, १.२२ पासून वेग थोडा कमी केला गेला. प्रत्येक आवृत्तीला मूळ प्रकल्पाकडून सुमारे १४ महिने दुरुस्त्या मिळतात. त्यातले शेवटचे दोन महिने सुटका करून घेण्यासाठी दिलेली सवलत असते. १.१९ च्या आधी ही मुदत नऊच महिने होती. म्हणजे ज्या टीमकडे एकच क्लस्टर आहे तिलाही वर्षातून निदान एकदा, आणि एका वेळी एकच पायरी चढायची असेल तर दोन-तीनदा, चालत्या गाडीचे चाक बदलावे लागते.

क्लाउड कंपन्यांनी हे काम आपल्याकडे घेतले तेव्हा सुरुवातीची समजूत अशी होती की आता आवृत्तीची चिंता संपली. गूगलचे जीकेई, अ‍ॅमेझॉनचे ईकेएस आणि मायक्रोसॉफ्टचे एकेएस या तिन्ही सेवा कंट्रोल प्लेन, म्हणजे एपीआय सर्व्हर, शेड्यूलर आणि एटसीडी, स्वतः सांभाळतात. बटण दाबले किंवा वेळ आली की तो भाग ते स्वतः बदलतात, आणि तो बहुतेक वेळा निमूटपणे बदलतोही. अडचण उरते ती दोन ठिकाणी. एक, नव्या एपीआय सर्व्हरला आपली जुनी भाषा समजेनाशी होते. दोन, नोड बदलताना त्यांवर चालणारे पॉड हलवावे लागतात. गेल्या काही वर्षांत या विषयावर जे वाद झाले ते याच दोन मुद्द्यांभोवती फिरतात. त्यांतला दुसरा मुद्दा अजून मिटलेला नाही, म्हणून या लेखात त्याला जास्त जागा दिली आहे.

आधी कंट्रोल प्लेन, मग नोड

क्रम ठरलेला आहे. नोडवरचा क्युबलेट एपीआय सर्व्हरपेक्षा नवा असू शकत नाही, जुना असलेला चालतो. किती जुना चालतो याची मर्यादा पूर्वी दोन मायनर आवृत्त्यांची होती, १.२८ पासून ती तीन झाली. हा बदल दिसायला लहान आहे, पण त्याने नियोजन बदलले. कंट्रोल प्लेनला पायऱ्या गाळता येत नाहीत. १.२८ वरून १.३१ ला जायचे तर १.२९ आणि १.३० वर थांबूनच जावे लागते. नोडचे तसे नाही. नोड १.२८ वरच ठेवून कंट्रोल प्लेन तीन पायऱ्या वर नेता येतो आणि शेवटी नोड एकदाच थेट १.३१ चे उभे करता येतात. पॉड हलवण्याचा त्रास तीनऐवजी एकदाच होतो.

या सवलतीबद्दल दोन मते आहेत. काही जण म्हणतात की वर्षातून एकदा नोड बदलले तर व्यत्ययही वर्षातून एकदाच येतो आणि टीम तयारीने उतरते. दुसरी बाजू सांगते की नोड इतके दिवस न बदलता राहिले तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षा दुरुस्त्या साठत जातात. शिवाय पॉड हलवण्याची सवय मोडते आणि वर्षभरात शिरलेले सगळे दोष एकाच रात्री समोर येतात. मला दुसरी बाजू अधिक पटते. आवृत्ती तीच ठेवून नोडची इमेज दर काही आठवड्यांनी बदलणे तिन्ही सेवांत शक्य आहे. ज्या टीम ते करतात त्यांच्यासाठी मायनर आवृत्तीचा बदल हा त्याच सरावाचा आणखी एक फेरा असतो.

डेप्रिकेटेड एपीआय: बंद होणारे दार

कुबरनेटीजचे नियम इथे स्पष्ट आहेत. स्थिर झालेला, `v1` असे नाव मिळालेला एपीआय काढला जात नाही. बीटा एपीआय मात्र डेप्रिकेटेड जाहीर झाल्यानंतर किमान नऊ महिने किंवा तीन आवृत्त्या, यांतली जी मुदत जास्त असेल तेवढी चालतो आणि नंतर काढता येतो. त्रास झाला तो बीटा एपीआय वर्षानुवर्षे स्थिर असल्यासारखे वापरले गेल्यामुळे. तीन मोठ्या लाटा आल्या. २०१९ मध्ये १.१६ ने `extensions/v1beta1` मधले डिप्लॉयमेंट काढले. २०२१ मध्ये १.२२ ने इन्ग्रेस आणि सीआरडीचे बीटा एपीआय काढले. २०२२ मध्ये १.२५ ने पॉडसिक्युरिटीपॉलिसी पूर्ण हटवली आणि क्रॉनजॉब व पॉडडिसरप्शनबजेट यांचे बीटा रूप बंद केले.

एक गैरसमज इथे वारंवार आढळतो. एपीआय काढला म्हणजे एटसीडीत साठवलेली वस्तू नाहीशी होत नाही. तीच वस्तू नव्या आवृत्तीच्या पत्त्यावर मिळत राहते. बंद होते ते फक्त जुन्या पत्त्याचे दार. म्हणून चालू असलेले पॉड चालतच राहतात आणि पहिल्या तासात सगळे ठीक वाटते. मोडते ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा कुणी जुनी मॅनिफेस्ट फाइल लावायला जातो किंवा जुना कंट्रोलर जुन्या पत्त्यावर चौकशी करत राहतो. याच कारणाने `kubectl get -o yaml` पाहून काही कळत नाही, कारण सर्व्हर आपल्या पसंतीची आवृत्ती छापून देतो. जुना पत्ता कोण वापरतो आहे हे शोधायचे तर मागणी करणाऱ्यांकडे पाहावे लागते:

```
kubectl get --raw /metrics | grep apiserver_requested_deprecated_apis
```

या मोजमापात एपीआयचे नाव आणि `removed_release` हे लेबल मिळते, म्हणजे तो कोणत्या आवृत्तीत जाणार हे समजते. पण याला दोन मर्यादा आहेत. हा आकडा तो सर्व्हर सुरू झाल्यापासून एकदा जरी मागणी आली तरी १ दाखवतो, आणि मागणी कोणी केली ते सांगत नाही. त्यातही व्यवस्थापित सेवेत एपीआय सर्व्हर एकापेक्षा जास्त असतात आणि तुमची चौकशी त्यांतल्या एकाकडेच जाते. मागणाऱ्याचे नाव ऑडिट लॉगमध्ये असते. तिथे `k8s.io/deprecated` अशी खूण असलेल्या नोंदी गाळून `userAgent` पाहिला की जुना हेल्म आहे, सीआय सर्व्हर आहे की विसरलेला एखादा ऑपरेटर आहे, हे उघड होते.

हेल्म वापरणाऱ्यांना एक वेगळा फटका बसतो. हेल्म आपल्या मागच्या रिलीजचे मॅनिफेस्ट क्लस्टरमधल्या सीक्रेटमध्ये जसेच्या तसे ठेवतो. चार्ट दुरुस्त केला, पण जुना एपीआय काढला जाण्यापूर्वी एकदा `helm upgrade` चालवला नाही, तर नंतर तो जुने मॅनिफेस्ट वाचतानाच अडतो आणि `no matches for kind` असा संदेश देऊन थांबतो. यासाठी `mapkubeapis` नावाचा प्लगइन आहे. तो साठवलेल्या रिलीजमधला पत्ता बदलून देतो. पण अपग्रेडआधी रिलीज एकदा चालवून घेणे यापेक्षा सोपे आहे.

सेवांनी यावर आपापले कुंपण घातले आहे. जुन्या एपीआयचा वापर दिसला तर जीकेई आपोआप होणारे अपग्रेड थांबवून ठेवते. ईकेएस ऑडिट लॉगमधून माहिती काढून इशारा देते. एकेएस अलीकडचा वापर आढळल्यास अपग्रेडच नाकारते, आणि ज्याला पुढे जायचेच आहे त्याला जबरदस्तीचा पर्याय देते. या कुंपणांची एक दुबळी बाजू लक्षात ठेवायला हवी. ती पाहिलेल्या वापरावर चालतात. तिमाहीतून एकदा चालणारे स्क्रिप्ट त्या खिडकीत आले नाही, तर ते दिसत नाही. त्यासाठी गिट भांडारातल्या फाइलींवर प्लूटोसारखे साधन चालवावे लागते. दोन्ही तपासण्या मिळूनच चित्र पूर्ण होते.

आता प्रश्न असा की ही जोखीम पुढे किती राहील. १.२४ पासून नवे बीटा एपीआय मूळ मांडणीत बंदच असतात, त्यामुळे ते नकळत वापरात येण्याचा मार्ग अरुंद झाला आहे. १.२५ नंतरची काढणी किरकोळ आहे, आणि यावरून काही अनुभवी मंडळी हा अध्याय संपला असे मानतात. त्यांच्याविरुद्धचा सर्वांत ठोस पुरावा रेडिटचा आहे. १४ मार्च २०२३ रोजी रेडिटने एक क्लस्टर १.२३ वरून १.२४ वर नेला आणि संकेतस्थळ ३१४ मिनिटे कोलमडलेले राहिले. त्यात एपीआय गेला नव्हता. गेले होते एक लेबल. कंट्रोल प्लेनच्या नोडवरचे `node-role.kubernetes.io/master` हे लेबल १.२४ मध्ये हटवले गेले, आणि त्यांच्या कॅलिको नेटवर्कचे रूट रिफ्लेक्टर नेमके त्याच लेबलवरून निवडले जात होते. लेबल गेले, रिफ्लेक्टर गेले, नोडांमधले मार्ग गेले. हा क्लस्टर त्यांनी स्वतः चालवलेला होता, व्यवस्थापित नव्हता. तरी धडा दोन्हींकडे लागू पडतो. एपीआय तपासणारे कोणतेही साधन हा दोष दाखवू शकले नसते. वर्तनातले बदल फक्त प्रकाशनाच्या टिपणांत असतात आणि ते माणसालाच वाचावे लागतात.

नोड पूल बदलण्याच्या पद्धती

नोड पूल म्हणजे एकाच प्रकारच्या यंत्रांचा गट. तो बदलण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत.

पहिली सर्ज. आधी एखादा जास्तीचा नवा नोड उभा करायचा, जुन्या नोडला कॉर्डन करायचे म्हणजे त्यावर नवे पॉड येऊ द्यायचे नाहीत, त्याचा ड्रेन करायचा म्हणजे असलेले पॉड बाहेर काढायचे, मग तो नोड मोडायचा आणि पुढच्याकडे वळायचे. जीकेईत मूळ मांडणी एक जास्तीचा नोड आणि शून्य कमी अशी आहे. खर्च कमी, पण वेळ लागतो. समजा पूलमध्ये १२ नोड आहेत, नवा नोड तयार व्हायला तीन मिनिटे आणि ड्रेनला पाच मिनिटे लागतात. एकेक करून ९६ मिनिटे झाली. एका वेळी तीन घेतले तर चार फेऱ्या, म्हणजे सुमारे ३२ मिनिटे.

हा हिशेब कागदावर बरोबर असला तरी एक गोष्ट त्यात नाही. बारा नोडांवर पसरलेल्या एखाद्या सेवेचे बजेट एका वेळी एकच पॉड काढू देत असेल, तर तीन नोड एकदम रिकामे करायला घेऊनही ती सेवा एकेक करूनच हलते. सर्जचा आकडा वाढवला पण वेळ घटला नाही, अशी तक्रार ऐकू आली की कारण बहुधा हे असते.

सर्जची दुसरी अडचण पॉडांच्या भटकंतीची आहे. पहिल्या नोडवरून काढलेला पॉड कुठे जातो? जिथे जागा असेल तिथे, आणि ती जागा अनेकदा अजून बदलायच्या असलेल्या जुन्याच नोडवर असते. तो नोड रिकामा होताना पॉड पुन्हा हलतो. कॅश गरम व्हायला दहा मिनिटे घेणाऱ्या सेवेला हे दोन-तीनदा घडले की ग्राहकाला ते जाणवते.

दुसरी पद्धत ब्लू-ग्रीन. जुन्या पूलइतकाच नवा पूल शेजारी उभा करायचा, जुना सगळाच्या सगळा एकदम कॉर्डन करायचा आणि मग तुकड्या-तुकड्यांनी रिकामा करायचा. जुन्या नोडवर काही येऊच शकत नसल्याने पॉड एकदाच हलतो. जुना पूल काही काळ तसाच ठेवता येतो. जीकेईत ही वाट पाहण्याची वेळ मुळात एक तास असते आणि सात दिवसांपर्यंत वाढवता येते. तेवढ्या काळात नवे नोड बिघडले तर जुन्यांचे कॉर्डन काढून परतता येते. याची किंमत म्हणजे काही काळ दुप्पट यंत्रे. ती मिळतीलच याची हमी नसते. जीपीयूसारखी दुर्मिळ यंत्रे असतील किंवा कोटा आखडता असेल, तर ब्लू-ग्रीन सुरूच होत नाही.

दोन्ही पद्धतींत डिस्क जोडलेल्या पॉडांकडे वेगळे पाहावे लागते. क्लाउडमधली नेहमीची डिस्क एका झोनपुरती असते. `a` झोनमधली डिस्क घेऊन चालणारा पॉड नव्याने उभा राहायला त्याच झोनमध्ये नोड हवा. जास्तीचा नोड `b` झोनमध्ये उगवला तर पॉड `Pending` राहतो आणि `kubectl describe pod` मध्ये `volume node affinity conflict` असे शब्द दिसतात. उपाय साधा आहे. अशा पॉडांसाठी प्रत्येक झोनला वेगळा नोड पूल ठेवायचा. तरी तो बहुतेक वेळा पहिला अपग्रेड अडकल्यानंतरच केला जातो.

आजची एकंदर समजूत अशी दिसते की स्टेटलेस सेवांना सर्ज पुरेसा आहे, आणि स्टेटफुल किंवा उशिरा तयार होणाऱ्या सेवांना ब्लू-ग्रीनचा खर्च परवडतो. याबाबत फार मतभेद उरलेले नाहीत.

डिसरप्शन बजेट: खरा वाद

पॉडडिसरप्शनबजेट, रोजच्या बोलण्यातला पीडीबी, हा अ‍ॅपच्या टीमने क्लस्टर चालवणाऱ्यांना सांगितलेला नियम असतो: माझे इतके पॉड तरी चालू राहिले पाहिजेत, किंवा एका वेळी इतक्याच पॉडांना हात लावा. ड्रेन करणारे साधन पॉड थेट मारत नाही. ते एव्हिक्शनची विनंती करते, आणि बजेट शिल्लक नसेल तर एपीआय सर्व्हर `429` हे उत्तर देऊन ती नाकारतो.

हा नियम काय करत नाही तेही तितकेच महत्त्वाचे आहे. यंत्र अचानक बंद पडले, स्पॉट नोड काढून घेतला गेला, कुणी पॉड थेट डिलीट केला किंवा डिप्लॉयमेंटने स्वतःचा रोलआउट केला, तर पीडीबी आड येत नाही. तो फक्त एव्हिक्शनच्या वाटेवर उभा असतो.

एक उदाहरण घेऊ. अपग्रेडच्या आधी ही स्थिती दिसते असे समजा:

```
$ kubectl get pdb -A
NAMESPACE  NAME        MIN AVAILABLE  MAX UNAVAILABLE  ALLOWED DISRUPTIONS
payments   api         2              N/A              1
payments   reconciler  1              N/A              0
search     index       N/A            1                0
```

`api` चे तीन पॉड आहेत, दोन हवेत, एक हलवता येतो. तिथे काळजी नाही. खालचे दोन शून्य वरवर सारखे दिसतात, पण त्यांची कारणे वेगळी आहेत.

`reconciler` चा पॉड एकच आहे आणि बजेट म्हणते की एक तरी हवाच. हे शून्य गणिताने आलेले आहे आणि कितीही थांबलात तरी बदलणार नाही. ड्रेन दर पाच सेकंदांनी विनंती करत राहील आणि `Cannot evict pod as it would violate the pod's disruption budget` हेच उत्तर ऐकत राहील. इथे तीन वाटा आहेत. सेवेच्या दोन प्रती एकाच वेळी चालू शकत असतील तर प्रतींची संख्या दोन करणे. क्षणभराचा खंड चालत असेल तर बजेट `maxUnavailable: 1` करणे. तिसरी वाट कमी परिचित आहे. नोड कॉर्डन केल्यावर त्या डिप्लॉयमेंटचा रोलआउट चालवायचा:

```
kubectl cordon <node>
kubectl rollout restart deployment/reconciler -n payments
```

डिप्लॉयमेंटच्या मूळ मांडणीत एक प्रत असताना रोलआउट आधी नवा पॉड उभा करतो, तो `Ready` झाला की जुना काढतो. नोड कॉर्डन असल्याने नवा पॉड दुसरीकडेच जातो. रोलआउटला पीडीबी लागू नसल्याने नियमही मोडत नाही आणि सेवाही थांबत नाही. मात्र ज्या कामाच्या दोन प्रती क्षणभरही एकत्र चालता कामा नयेत, त्याला ही वाट बंद आहे.

`index` चे शून्य आजारपणातून आलेले आहे. तीन पॉडांपैकी दोन चुकीच्या कॉन्फिगरेशनमुळे सतत कोसळत आहेत. बजेटला दोन निरोगी पॉड हवेत, आहे एक. मूळ नियमानुसार अशा स्थितीत कोसळणाऱ्या पॉडांनाही हलवता येत नाही. जो पॉड मुळात काहीच काम करत नाही तोच नोड अडवून धरतो. ही विसंगती दूर करायला `unhealthyPodEvictionPolicy` हे फील्ड आले. १.२६ मध्ये ते प्रायोगिक होते, १.३१ मध्ये स्थिर झाले. त्याची किंमत `AlwaysAllow` ठेवली तर आजारी पॉडांना एव्हिक्शन मिळते, निरोगी पॉडाचे संरक्षण मात्र टिकते. बहुतेक सेवांसाठी हीच किंमत योग्य आहे असे माझे मत आहे. अपवाद अशा डेटाबेसांचा, जिथे `Ready` नसलेला पॉड कदाचित डेटा जुळवून घेत असतो आणि त्याला मध्येच उठवणे महाग पडते.

पीडीबीच्या स्वतःच्या एपीआयबद्दलही एक सावधगिरी सांगायला हवी. `policy/v1beta1` वरून `policy/v1` वर जाताना एक अर्थ उलटला. रिकामा सिलेक्टर, म्हणजे `{}`, जुन्या रूपात एकाही पॉडला लागू होत नसे. नव्या रूपात तो नेमस्पेसमधल्या सर्व पॉडांना लागू होतो. कित्येक वर्षे निरुपद्रवी पडून असलेली फाइल फक्त पहिली ओळ बदलून लावली, तर ती एकाएकी अख्ख्या नेमस्पेसवर बजेट घालते. त्यातल्या ज्या पॉडांना आधीच वेगळे बजेट आहे, त्यांना आता दोन बजेटे लागू होतात. एव्हिक्शनला ते मान्य नसते, आणि विनंती `429` ऐवजी `500` देऊन फसते. हा `500` दिसला की सिलेक्टर तपासावा.

आता मूळ वादाकडे. बजेट नाही म्हणते आणि अपग्रेड थांबू शकत नाही, तेव्हा कोणाचे ऐकायचे? तिन्ही सेवांनी याची तीन वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. जीकेई एक तासापर्यंत बजेट पाळते आणि मग पॉड काढून टाकते. ईकेएसच्या व्यवस्थापित नोड गटात १५ मिनिटांत पॉड निघाला नाही तर अपग्रेड `PodEvictionFailure` देऊन फसते, आणि जबरदस्ती हवी असेल तर ती आधी मागावी लागते. एकेएसमध्ये ड्रेनची मुदत मुळात ३० मिनिटांची असते. ती उलटली की अपग्रेड फसते. न निघणाऱ्या नोडला कॉर्डन करून बाजूला ठेवायचे आणि बाकीचे काम पुढे न्यायचे, असा पर्यायही तिथे देता येतो.

या फरकांमागे दोन प्रामाणिक भूमिका आहेत. पहिली म्हणते की बजेट हा करार आहे. पैशांचे व्यवहार करणाऱ्या सेवेने दोन पॉड मागितले असतील, तर तासाभराने ते मोडणे म्हणजे कराराला अर्थच नसणे. अपग्रेड फसला तर माणूस बघेल, पण सेवा आपण पाडायची नाही. दुसरी भूमिका म्हणते की बजेट लिहिणारा बहुधा वर्षापूर्वी टीम सोडून गेलेला असतो. `minAvailable: 1` ही ओळ एखाद्या टेम्प्लेटमधून आलेली असते. अशा एका ओळीमुळे शंभर नोड सुरक्षा दुरुस्तीविना अडकून राहिले तर सगळ्यांचे नुकसान होते. म्हणून मुदत हवी आणि मुदतीनंतर सक्तीही हवी.

दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. ते एकमेकांना भिडते, कारण मुद्दाम मागितलेले शून्य आणि चुकून पडलेले शून्य यांत फरक करण्याची सोय पीडीबीत नाही. काही ठिकाणी प्लॅटफॉर्म टीम अ‍ॅडमिशन धोरण लावून कायमचे शून्य देणारी बजेटे मुळातच नाकारतात. त्याने चुकून पडलेली शून्ये गळतात आणि उरतात ती बहुधा मुद्दाम ठेवलेली. आजच्या घडीला मला दिसणारा हा सर्वांत शहाणा मार्ग आहे. पण तो प्रत्येक संस्थेला स्वतः बांधावा लागतो.

परतीचा मार्ग आणि थांबण्याची किंमत

नोड बिघडले तर जुन्या आवृत्तीचा पूल पुन्हा उभा करता येतो. कंट्रोल प्लेनची मायनर आवृत्ती मागे नेणे मात्र कुबरनेटीजने दीर्घकाळ मान्य केले नव्हते. रेडिटलाही शेवटी बॅकअपवरून पुनर्स्थापना करावी लागली. १.३१ मध्ये एम्युलेटेड व्हर्जन ही सोय प्रायोगिक रूपात आली. तीत नवी बायनरी काही काळ जुन्या आवृत्तीसारखी वागते. नव्या रूपातला डेटा लिहिला जाण्यापूर्वी बायनरीची पारख करून घेता येते, आणि त्यामुळे मागे फिरणे शक्य होते. ज्यांना एवढ्यावरही भरवसा नाही ते संपूर्ण नवा क्लस्टर उभा करून रहदारी हळूहळू वळवतात. स्टेटलेस सेवांना ते जमते. डेटाबेस क्लस्टरच्या आत असेल तर तो खर्च आणि गुंतागुंत अनेकांच्या आवाक्याबाहेर जाते.

अपग्रेड पुढे ढकलण्याचीही आता अधिकृत सोय आहे. ईकेएस १४ महिन्यांनंतर आणखी १२ महिने जुनी आवृत्ती चालवते, पण दर तासाला ०.१० डॉलरऐवजी ०.६० डॉलर घेते. महिन्याला ७३० तास धरले तर एका क्लस्टरमागे ७३ चे ४३८ डॉलर होतात. जीकेईच्या एक्स्टेंडेड चॅनेलमध्ये मुदत सुमारे २४ महिन्यांपर्यंत जाते, एकेएसमध्ये दोन वर्षांपर्यंत. नियंत्रित क्षेत्रातल्या कंपन्यांना ही मुदत खरोखर लागते, कारण प्रत्येक बदलाला लेखापरीक्षकाची संमती घ्यावी लागते. इतरांसाठी मात्र पायऱ्या गाळता येत नाहीत हा नियम तसाच राहतो. सहा पायऱ्या साठल्या की सहाही चढाव्या लागतात. त्याही थोड्या दिवसांत.

काय सुटलेले नाही

एपीआय काढले जाण्याचा प्रश्न बराचसा आवाक्यात आला आहे. नोड बदलण्याच्या पद्धती स्थिरावल्या आहेत. कंट्रोल प्लेन मागे फिरवण्याचे तंत्र मार्गी लागले आहे. लेबले, डीफॉल्ट किमती आणि तृतीय पक्षाच्या ऑपरेटरांचे वर्तन यांतले बदल आधी हेरणारे खात्रीचे साधन मात्र अजून नाही. आणि बजेट विरुद्ध मुदत या वादात अ‍ॅपच्या टीमला आपली अट सेवेच्या मुदतीपेक्षा वरचढ आहे की नाही हे सांगता येईल अशी, तिन्ही सेवांना समान असलेली व्यवस्थाही नाही. त्यामुळे तेच मॅनिफेस्ट एका क्लाउडवर अपग्रेड अडवते आणि दुसऱ्यावर तासाभराने मुकाट्याने मोडले जाते.

भारतातल्या टीमसाठी यात एक व्यावहारिक भर घालावी लागते. देखभालीची वेळ अनेक ठिकाणी यूटीसीत नोंदवली जाते. आपल्याकडचे पहाटे २ म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे रात्री ८:३०. दिवसाचे नाव बदलते, आणि ते बदलायचे राहिले तर शनिवार पहाटेसाठी ठरवलेली खिडकी रविवारी पहाटे उघडू शकते.

पुढचा अपग्रेड ठरवण्याआधी `kubectl get pdb -A` एकदा चालवा, `ALLOWED DISRUPTIONS` च्या रकान्यातल्या प्रत्येक शून्यासमोर त्या सेवेच्या माणसाचे नाव लिहा, आणि ते शून्य मुद्दाम आहे का हे त्याच्याकडूनच विचारून घ्या. नाव सापडले नाही तर आधी ते शोधा, तारीख नंतर ठरवा.